हजेरी आणि गुण: एक निर्देशांक नको, दोन आकडे शेजारी शेजारी

प्रश्न: बडोद्यात आमच्या शाळेत नववीच्या चार तुकड्या आहेत, पट साधारण २००. वार्षिक परीक्षेत अडकणारी किंवा मधेच शाळा सोडणारी मुलं आम्हाला जानेवारीत कळतात आणि तोवर उशीर झालेला असतो. हजेरी आणि एकम कसोटीचे गुण जोडून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सूचना देणारा नियम एक्सेलमध्ये बसवायचा आहे. हजेरीला ४० टक्के आणि गुणांना ६० टक्के वजन देऊन एकच निर्देशांक काढावा असं ठरतंय. हे बरोबर आहे का, आणि उंबरठा किती ठेवावा?

उत्तर:

उंबरठ्याकडे नंतर येऊ, आधी तो निर्देशांक सोडून द्या. कारण तुमच्याच वजनांनी तपासून पाहा. एका मुलाची हजेरी ९५ टक्के आणि गुण ३० टक्के: ३८ अधिक १८, म्हणजे ५६. दुसऱ्याची हजेरी ६५ आणि गुण ५०: २६ अधिक ३०, पुन्हा ५६. तिसऱ्याची हजेरी ८० आणि गुण ४०: ३२ अधिक २४, तरी ५६च. पहिला रोज वर्गात बसतो, पण त्याला काही कळत नाही. दुसऱ्याला कळतं, पण तो शाळेतून निसटत चालला आहे. तिसऱ्याचं दोन्हीकडे थोडं थोडं घसरतंय. तिघांसाठी करायचं काम पूर्णपणे वेगळं आहे आणि तुमचा निर्देशांक तिघांना एकाच ओळीत उभं करतो.

दुसरी अडचण लवकर दिसत नाही. हजेरीचे टक्के दाटीवाटीने बसलेले असतात: वर्गातली बहुतेक मुलं ७५ ते १००च्या मध्ये. गुण मात्र १५ पासून ९० पर्यंत पसरतात. ०.४ ने गुणल्यावर हजेरीमुळे निर्देशांक जास्तीत जास्त १० ने हलतो, ०.६ ने गुणल्यावर गुणांमुळे तो ४५ ने हलतो. म्हणजे कागदावर हजेरीला ४० टक्के वजन दिलं, तरी प्रत्यक्ष चढउतारात तिचा वाटा १० भागिले ५५, जेमतेम १८ टक्के. अशी यादी ही जवळजवळ गुणांचीच यादी असते, आणि ती तर तुमच्या शिक्षकांना आधीपासून पाठ आहे. हजेरी ज्या मुलांबद्दल आधी सांगू शकली असती, तीच त्यातून गळतात.

या क्षेत्रातलं सर्वांत उपयोगी जुनं काम फिलाडेल्फियातलं आहे. संशोधक रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं की सहावीतच ८० टक्के किंवा त्याहून कमी हजेरी, गणितात नापास, इंग्रजीत नापास, किंवा वर्तनामुळे शाळेतून निलंबन, यांतली एखादी खूण दिसली तरी पुढे शालेय शिक्षण पूर्ण न करणारी मोठ्या संख्येची मुलं, साधारण ६० टक्के, तिथेच ओळखता येत होती. तिथले आकडे उचलून बडोद्यात लावू नका. रचना मात्र उचला: प्रत्येक खूण स्वतंत्र उभी असते, एकीची कमी दुसरी भरून काढत नाही. गणितातल्या ७० गुणांनी १४ दिवसांची गैरहजेरी झाकली जाता कामा नये.

म्हणून दोन वेगळे अंक काढा, प्रत्येक ० ते २. एक हजेरीचा, एक गुणांचा.

हजेरीचा अंक

जूनपासूनची एकूण टक्केवारी घेऊ नका. ऑगस्टअखेर ५५-६० कामाचे दिवस झालेले असतात, आणि जून-जुलै नियमित आलेला मुलगा ऑगस्टमध्ये सहा दिवस चुकला तरी एकूण हजेरी ९० टक्के दिसते. घसरण ताजी असते आणि जुनी सरासरी तिला गिळून टाकते. शेवटचे २० कामाचे दिवस घ्या, हीच आपली खिडकी. शनिवार धरून हे साधारण साडेतीन आठवडे होतात.

आता वर्षभरात १० टक्के दिवस चुकणं ही दीर्घकालीन अनुपस्थितीची रूढ व्याख्या आहे. ती २० दिवसांना लावली तर दोनच दिवस होतात, आणि दोन दिवस म्हणजे एक साधा ताप. एवढ्या लहान खिडकीत एक दिवस पाच टक्क्यांचा असतो, म्हणून उंबरठा सैल ठेवावाच लागतो. दोन दिवसांपर्यंत गैरहजर असेल तर ०, तीन किंवा चार दिवस असेल तर १, पाच किंवा जास्त असेल तर २.

आजारपणाची चिठ्ठी आणली म्हणून तो दिवस वगळू नका. चिठ्ठी असो वा नसो, त्या दिवशी शिकवलेलं बुडालंच. कारण काय होतं हे पालकांशी बोलताना विचारायचं, नियमात घालायचं नाही. फक्त शाळेनेच क्रीडास्पर्धेला किंवा विज्ञान मेळाव्याला पाठवलं असेल तर ती हजेरी समजा.

बडोद्यात या खिडकीत वेगळी गडबड होते ती नवरात्रात. मध्यरात्रीपर्यंत गरबा चालतो आणि सकाळी अख्खा वर्ग अर्धा रिकामा असतो. नऊ रात्री संपल्यावर नियम चालवलात तर निम्मी नववी यादीत येईल, आणि ज्या शिक्षकाला एकदा अशी ९० नावांची यादी मिळाली तो पुढची यादी उघडतही नाही. यावर उपाय असा: ज्या दिवशी चारही तुकड्यांची मिळून हजेरी ७० टक्क्यांच्या खाली गेली, तो दिवस मोजणीतून काढा आणि खिडकी एक दिवस मागे ओढा. उत्तरायणाच्या आजूबाजूचे दिवस याच नियमात आपोआप बसतात.

पुराचं मात्र याने भागत नाही. विश्वामित्रीला २०१९ मध्ये किंवा ऑगस्ट २०२४ मध्ये आलं तसं पाणी येतं तेव्हा आधी शाळा बंद असते, मग उघडते, आणि उंच भागातली मुलं येऊ लागतात. वर्गाची हजेरी ८० टक्के दिसते, पण नदीकाठच्या वस्तीतली मुलं अजून घर साफ करत असतात. तिथे ७० टक्क्यांची चाळणी चालत नाही. अशा दिवसांना वेगळी खूण ठेवा, ते गैरहजेरीत मोजू नका, आणि ज्यांच्या खिडकीत अशा पाच किंवा जास्त खुणा आहेत त्यांची ओळ नियमावर न सोडता वर्गशिक्षकाने हाताने पाहावी. वह्यापुस्तकं वाहून गेली का, हा प्रश्न कुठल्याच सूत्रात मावत नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ आहे: हजेरी खरी आहे का. ती पहिल्या तासालाच घेतली जात असेल आणि काही मुलं मधल्या सुट्टीनंतर परतत नसतील, तर तुमचा हजेरीचा अंक खोटा ० दाखवेल. एक आठवडा रोज मधल्या सुट्टीनंतर डोकी मोजा. तुकडीमागे पाचपेक्षा जास्त फरक येत असेल तर हजेरी दोनदा घ्यायला सुरुवात करा. दुसरी खूण पत्रकातच सापडते. खरं हजेरीपत्रक ओबडधोबड असतं: सोमवारी आणि शनिवारी जास्त गैरहजर, पावसाच्या दिवशी आणखी जास्त. जिथे महिनाभर शनिवारही भरगच्च आहे आणि सगळ्या खुणा एकाच शाईत आहेत, तिथे पत्रक महिनाअखेरीला बसून भरलं आहे.

गुणांचा अंक

सगळे विषय घेऊ नका. गणित, विज्ञान आणि इंग्रजी पुरेत. नववीत मुलं अडकतात ती बहुतेक यांतच. गुजरात बोर्डाची उत्तीर्णतेची रेषा ३३ टक्के आहे, तीच इथे वापरा. सर्वांत अलीकडच्या एकम कसोटीत तिन्ही विषयांत ३३ किंवा वर असेल तर ०, एका विषयात खाली असेल तर १, दोन किंवा तिन्ही विषयांत खाली असेल तर २.

याला एक जोड लागते, कारण ७५ वरून ४५ वर आलेला मुलगा रेषेच्या वरच राहतो आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. पण घसरण कच्च्या गुणांनी मोजली तर अवघड पेपराने सगळा वर्ग घसरलेला दिसतो. म्हणून वर्गाच्या मध्यकाशी तुलना करा. समजा २५ गुणांच्या गणिताच्या पहिल्या कसोटीत वर्गाचा मध्यक १५ होता आणि मुलाला १६ मिळाले, म्हणजे तो मध्यकाच्या एक वर होता. दुसरा पेपर कठीण होता, मध्यक ११ वर आला आणि मुलाला ९ मिळाले, म्हणजे दोन खाली. कच्चे गुण सातने पडले आणि पालक घाबरले, पण वर्गाच्या तुलनेत तो फक्त तीन गुणांनी मागे सरकला आहे.

तिन्ही विषयांची टक्केवारीतली सरासरी घ्या, तिच्यातून चारही तुकड्यांचा त्याच सरासरीचा मध्यक वजा करा, आणि हे अंतर मागच्या कसोटीच्या अंतराशी ताडून पाहा. ते १५ किंवा जास्त टक्क्यांनी खालावलं असेल तर गुणांचा अंक किमान १ धरा. पंधराच का? तीन विषयांचे मिळून ७५ गुण, त्याचे १५ टक्के म्हणजे ११ गुण. चार गुणांचा एखादा प्रश्न राहिला किंवा एका पेपराला डोकं दुखत होतं, एवढ्याने सरासरी पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही. ११ गुण जायला तिन्ही विषयांत काहीतरी बिघडावं लागतं, किंवा एका विषयात पार कोसळावं लागतं.

कसोटीलाच गैरहजर असलेल्या मुलाचं काय करायचं, इथे बहुतेक शाळांचे नियम फसतात. तिथे शून्य लिहिलं तर तापाचा एक दिवस दोन्ही अंकांत मोजला जातो आणि मध्यकही खाली ओढला जातो. रकाना रिकामा ठेवला तर त्याहून वाईट: एक्सेल रिकामा रकाना सोडून देतं, आणि गणिताचा पेपर चुकवणारी मुलगी उरलेल्या दोन विषयांच्या जोरावर ठीकठाक दिसते. म्हणून तिथे `गै` लिहा. आठवड्याच्या आत पुन्हा कसोटी घेतली तर मिळालेले गुण भरा. नाही घेतली, तर `गै` हा त्या विषयात ३३ च्या खाली असल्यासारखाच मोजा. आदल्या दिवशी हजर, दुसऱ्या दिवशी हजर आणि फक्त पेपरच्या दिवशी गायब, ही खूण तर नापास होण्याहूनही बोलकी आहे.

पत्रकात कसं बसवायचं

एका मुलाला एक ओळ. `C` ते `V` या वीस रकान्यांत शेवटचे मोजलेले २० दिवस: हजर `P`, गैरहजर `A`, आजारपणाची रजा `M`, शाळेच्या कामाला `D`, पुराचा दिवस `V`. `Y`, `Z`, `AA` मध्ये तीन विषयांची टक्केवारी किंवा `गै`. `AC` मध्ये वर सांगितलेला मध्यकाच्या तुलनेतला बदल. मागची किंवा आताची कसोटी अपुरी असेल तर तो रिकामा ठेवा. पाचव्या ओळीची सूत्रं अशी:

```
W5:  =COUNTIF(C5:V5,"A")+COUNTIF(C5:V5,"M")
X5:  =IF(W5>=5,2,IF(W5>=3,1,0))
AB5: =COUNTIF(Y5:AA5,"<33")+COUNTIF(Y5:AA5,"गै")
AD5: =MAX(MIN(2,AB5),IF(AC5<=-15,1,0))
AE5: =X5&"-"&AD5
AF5: =IF(COUNT(Y5:AA5)+COUNTIF(Y5:AA5,"गै")<3,"अपुरे",X5+AD5)
```

शेवटच्या सूत्रातला `अपुरे` अनावश्यक वाटेल, पण तो काढू नका. विज्ञानाच्या शिक्षकांनी एका तुकडीचे गुण अजून भरलेच नाहीत, तर त्या तुकडीतलं एकही मूल विज्ञानात ३३ च्या खाली दिसणार नाही आणि ती तुकडी सर्वांत सुरक्षित वाटेल. दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेले गुण आकडा न राहता मजकूर म्हणून साठले, तरी हेच होतं: डोळ्याला २८ दिसतं, पण `COUNTIF` त्याला मोजत नाही. मोजता येणारे आकडे आणि `गै` मिळून तीन भरत नसतील तर ती ओळ निकाल देत नाही, ओरडून सांगते.

`AF` मध्ये ३ किंवा ४ आले तर लाल, २ आले तर पिवळा, बाकी काही नाही. म्हणजे एकीकडे २ आणि दुसरीकडे ० असेल तरी पिवळा, दोन्हीकडे १ असेल तरी पिवळा. रंग हा फक्त कोणाशी आधी बोलायचं हे ठरवण्यासाठी. काय बोलायचं ते `AE` मधल्या जोडीवरून ठरतं, आणि म्हणूनच शिक्षकांच्या हातात जाणाऱ्या छापील यादीत बेरीज नव्हे, ती जोडी मोठ्या अक्षरात असावी.

एकाच पिवळ्या रंगातली तीन मुलं घ्या. रोल नंबर ८ सहा दिवस गैरहजर आहे आणि गुण ६१, ५८, ६६: जोडी 2-0. इथे जादा तासाला बसवण्यात अर्थ नाही. घरी फोन करा, शक्य तर जाऊन या: आई आजारी आहे का, दुकानात बसवलं आहे का, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही का. रोल नंबर ३१ वीसही दिवस हजर, गुण २४, ३०, ३६: जोडी 0-2. याच्या घरी फोन केलात तर एवढंच होईल की मुलाला मार बसेल. याला वर्गात मागून फळा दिसतो का ते बघा, आणि सातवीच्या पातळीची दहा गणितं देऊन अपूर्णांकात अडतो की ऋण संख्यांत हे शोधा. रोल नंबर १७ चार दिवस गैरहजर, गुण गणितात २८, विज्ञानात ४४, इंग्रजीत ५२: जोडी 1-1. या जोडीत नेहमी हजेरीचे रकाने उघडून वार बघावेत. चारपैकी तीन दिवस गणिताचा जोडतास असलेले निघाले, तर गैरहजेरी आणि गुण ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे, आणि बोलणं गणिताच्या शिक्षकांसोबत बसून व्हायला हवं.

उंबरठा: मागच्या वर्षाला विचारा

वर दिलेले ३, ५, ३३, १५ हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमच्या शाळेत ते चालतात का हे मागच्या वर्षाच्या नववीवर लावून बघितल्याशिवाय कळणार नाही. मागच्या ऑगस्टअखेरीचं हजेरीपत्रक आणि तेव्हापर्यंतच्या दोन कसोट्या घ्या, नियम चालवा, आणि वर्षाअखेर कोणाचं काय झालं ते शेजारी लिहा.

यात एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. वार्षिक निकालपत्रकावरून सुरुवात केली तर मधेच शाळा सोडलेली मुलं त्यात नसतातच. ज्यांना शोधायचं तीच तपासणीतून बाद होतात आणि नियम आहे त्याहून चांगला दिसतो. म्हणून सुरुवात ऑगस्टच्या पटावरून करा आणि जनरल रजिस्टरवरून प्रत्येक नाव शेवटपर्यंत न्या. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल अडचणीत धरू नका. दाखला न नेता येणं थांबलेलं धरा.

हिशेब कसा वाचायचा ते एका कल्पित पटावर दाखवतो. समजा मागच्या वर्षी २०८ मुलं होती आणि त्यांतली ३१ शेवटी अडचणीत आली: तीनपैकी एखाद्या विषयात नापास, किंवा शाळा सुटली. फक्त पाच किंवा जास्त दिवसांची गैरहजेरी बघितली तर २२ नावं येतात, त्यांतली १२ खरी. नावं थोडी, पण ३१ पैकी १९ सुटली. कुठलाही एक अंक १ झाला की नाव घ्यायचं असं ठरवलं तर ८१ नावं येतात, त्यांत २८ खरी. सुटली फक्त तीन, पण ५३ मुलांच्या मागे विनाकारण लागलात. बेरीज २ किंवा जास्त हा नियम लावला तर ४३ नावं, त्यांत २३ खरी: अडचणीतल्या चारांपैकी तिघांना पकडलं आणि यादीतलं साधारण दुसरं नाव बरोबर निघालं. डोळे मिटून ४३ नावं उचलली असती तर त्यांत सरासरी सहाच खरी निघाली असती, म्हणून दोनात एक हे प्रमाण वाईट समजू नका.

यांतला कुठला निवडायचा हे गणित सांगत नाही, शिक्षकांचा वेळ सांगतो. चार वर्गशिक्षक आहेत. रोजचं शिकवणं सांभाळून एक जण आठवड्याला तीन मुलांशी नीट बोलू शकतो, घरच्यांशी धरून. म्हणजे आठवड्याला १२. ४३ ची यादी साडेतीन-चार आठवड्यांत पुरी होते, म्हणजे दिवाळीआधीच्या परीक्षेपूर्वी. ८१ ची यादी सात आठवडे घेते आणि शेवटच्या मुलापर्यंत पोचेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते. त्या ४३ मध्येही लाल १७ असतील आणि त्यांतली १३ खरी, पिवळी २६ आणि त्यांतली १० खरी, तर लाल पहिल्या दीड आठवड्यात संपवायची हे उघड आहे. यादी वेळेत बसत नसेल तर गुणांचा उंबरठा हलवू नका. आधी हजेरीचा ३ चा ४ करून बघा, कारण तीन दिवसांच्या गैरहजेरीत तापाची मुलं सर्वांत जास्त असतात.

४३ च्या यादीतून जी आठ सुटली त्यांच्या ओळी एकेक करून वाचा. त्यांतली बरीचशी ऑगस्टमध्ये खरोखरच ठीक असतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर गावाहून उशिरा परततात, तिथून घसरतात. ती पकडायला उंबरठा खाली आणून उपयोग नाही. नियम दर दुसऱ्या शनिवारी चालवा. दिवाळीनंतर शाळा उघडली की पहिले दहा दिवस तर वीसची खिडकी भरायची वाट न बघता सलग तीन दिवस न आलेल्या प्रत्येकाच्या घरी फोन जाऊ द्या.

एकदा यादीत आलेलं नाव लगेच काढू नका. खिडकी सरकते तशी जुनी एक गैरहजेरी बाहेर पडते आणि ३ चे २ होतात, मुलात काही बदललेलं नसताना. सलग दोन तपासण्यांत बेरीज २ च्या खाली राहिली तरच नाव उतरवा. आणि ही यादी वर्गशिक्षक, पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापलीकडे जाऊ नये. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर कधीच नाही. चौदा वर्षांच्या मुलाला आपलं नाव अशा यादीत आहे हे मित्राकडून कळलं, तर शाळा सोडायला त्याला तेवढं एक कारण पुरतं.

दर दुसऱ्या शनिवारी पत्रकाची त्या दिवसाच्या तारखेची गोठवलेली प्रत जपून ठेवा, सूत्रं नव्हे तर किमती चिकटवलेली. तेच पत्रक पुढे भरत गेलात तर ऑगस्टमध्ये नियम काय म्हणाला होता हे निकालानंतर शोधता येत नाही. शेजारी एक रकाना ठेवा: कोणी, कोणत्या तारखेला, कोणाशी बोललं. निकाल लागल्यावर यादीत असून पास झालेल्या मुलांकडे याच रकान्यातून बघायचं. बोलणं झालेलं मूल पास झालं तर त्याला नियमाची चूक म्हणून मोजू नका, आणि ज्यांच्याशी कोणीच बोललं नव्हतं तेवढ्यांवरूनच पुढच्या जूनसाठी ३, ५ आणि १५ हे आकडे बदलायचे की तसेच ठेवायचे ते ठरवा.